जोडून आलेले १०११

वाकचौरे सरांनी फळ्यावर १०११ लिहिलं, त्याखाली दोन रेघा ओढल्या आणि खडूचे हात झटकत म्हणाले, "शून्य आणि एक यांची रांग एकेक करून आत येणार. त्यात हा तुकडा दिसला, की आपल्या यंत्रानं हात वर करायचा. आणि हो, जोडून आले तरी मोजायचे!"

बस. एवढंच म्हणाले सर, आणि तास संपला. "जोडून" हा शब्द सगळ्या वर्गानं ऐकला. मनकर्णानं तर पहिल्या बाकावर बसून, मान हलवून हलवून ऐकला. पुढं जे काही झालं ते या एका शब्दावरून झालं, पण तेव्हा कुणाला काय माहीत! बाहेर साखर कारखान्याच्या मळीचा वास सुटला होता, जेवणाची घंटा झाली होती आणि मनकर्णाच्या डोक्यात आधीच लाल अक्षरांत पूर्ण गुण नाचत होते.

आता ही मनकर्णा कोण ते सांगते. पारनेरच्या बाजूची. आजीचं नाव जसंच्या तसं तिला चिकटवलेलं. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आली तेव्हा पहिल्याच हजेरीला ती मोठ्यानं "व्हय सर!" म्हणाली होती आणि सगळा वर्ग हसत सुटला होता. करण नावाचा एक नगरचा पोरगा, त्यानं त्याच दिवशी तिचं नाव "व्हय मॅडम" ठेवलं. वर्षभर ती तोंड मिटून बसली. खोलीतल्या आरशासमोर "आहे, नाही, होतं" घोकत बसली. आणि मग एकदम काय झालं कुणास ठाऊक, पहिल्या वर्षाचा निकाल लागला, तिचं नाव वरून दुसरं, आणि पोरगी अशी काही उमलली म्हणता! बोलायला लागली ती थांबेचना. सरांना प्रश्न विचारायची, करणला उलट टोमणे मारायची, जिमखान्याच्या निवडणुकीत उभी राहायची. तिसऱ्या वर्षापर्यंत "व्हय मॅडम" म्हणायची कुणाची छाती राहिली नव्हती.

पहिल्या वर्षी तिला हसली नाही अशी वर्गात एकच मुलगी होती. श्रीरामपूरची मोनिका. रविवारी चर्चला जाणारी, हळू बोलणारी, वाक्य बोलण्याआधी ते मनात एकदा वाचून बघते असं वाटायला लावणारी. त्या हजेरीच्या दिवशी मोनिकानं काही न बोलता बाकावर सरकून जागा दिली होती. तेव्हापासून प्रॅक्टिकलला दोघींची जोडी.

"तू मशीन लिही, मी टेस्टबेंच लिहिते," वर्गातून बाहेर पडतानाच मनकर्णानं वाटणी करून टाकली.

"चालेल," मोनिका म्हणाली.

कॉम्प्युटर लॅब म्हणजे आमच्याकडं देवघरच. चपला बाहेर काढायच्या, पडदे ओढलेले, एसी घुंघुं करतोय, आणि दारातल्या स्टुलावर भिमाजीमामा, लॅबचे शिपाई, फ्लॉपी आणलीस का, व्हायरस नाही ना, असं प्रत्येकाला विचारणार. जणू व्हायरस खिशातून पडतो. व्हेरिलॉग हा विषय त्या वर्षी नवाच आला होता. आधीच्या पोरांनी सर्किट म्हणजे ब्रेडबोर्डवर तारा खुपसणं एवढंच पाहिलेलं. आम्ही पहिले, जे सर्किट टाइप करायचे! टाइप केलं की सिम्युलेटर ते मनातल्या मनात चालवून दाखवायचा, पडद्यावर चौकोनी लाटा उठायच्या. मनकर्णाला तर पहिल्या दिवशी वाटलं होतं की आपण आता देवच झालो.

मोनिकानं मशीन कागदावर आधी काढलं. पाच गोल. पहिला गोल म्हणजे काहीच जुळलं नाही, दुसरा, एक जुळलं, तिसरा, एक-शून्य जुळलं, चौथा, एक-शून्य-एक, आणि पाचवा म्हणजे पूर्ण १०११, हात वर. त्यांना तिनं एस झीरोपासून एस फोरपर्यंत नावं दिली. प्रत्येक गोलातून दोन बाण: पुढचा बिट, म्हणजे रांगेतला आकडा, शून्य आला तर इकडं, एक आला तर तिकडं. यातली खरी गंमत बाणांत असते. १०१ जुळल्यावर पुढं एकच्या ऐवजी शून्य आलं, तर सगळं मुसळ केरात, असं पहिल्यांदा वाटतं. पण नाही! १०१० मधलं शेवटचं १० तर अजून हातात आहेच की. म्हणून बाण पहिल्या गोलाकडं जात नाही, तिसऱ्याकडं जातो. मोनिकानं तो बरोबर काढला. बोटानं दाखवत म्हणाली, "जेवढं उरलंय तेवढं ठेवायचं. उगाच टाकायचं नाही."

मनकर्णा ऐकत होती का? थोडंफार. तिचं सगळं चित्त स्वतःच्या टेस्टबेंचमध्ये.

टेस्टबेंच म्हणजे यंत्राची परीक्षा घेणारा मास्तर. तोच घड्याळाचे ठोके देतो, तोच सुरुवातीला यंत्राला रीसेट मारून जागेवर बसवतो, तोच एकेक बिट पुढं करतो. यंत्र बिट उचलतं ते ठोका वर जाताना, म्हणून मनकर्णा बिट बदलायची ते ठोका खाली येताना, दोघांची झटापट नको म्हणून. हे तिनं फार नीट केलं होतं. आणि शिवाय, बाकीची पोरं लाटा डोळ्यांनी बघून "हां, झालं वाटतं" म्हणायची. मनकर्णाचा टेस्टबेंच स्वतःच तपासायचा. तिनं दोन ओळी हातानं लिहिल्या होत्या. वरच्या ओळीत आत जाणारे बिट, खालच्या ओळीत प्रत्येक बिटानंतर यंत्रानं काय उत्तर द्यायला हवं ते, हात वर तर एक, नाहीतर शून्य. जुळलं नाही की पडद्यावर इंग्रजी अक्षरांत "चुकलास!" आणि शेवटपर्यंत सगळं जुळलं तर "शाब्बास!" सगळी लॅब बघायला आली होती ते. करणसुद्धा.

वरच्या ओळीत तिनं दोन १०११ एकाला एक खेटून ठेवले होते, १०१११०११ असे. सर म्हणाले होते ना, जोडून! आणि एका ठिकाणी तिनं सापळा लावला होता. पूर्ण १०११, आणि लगेच त्यामागं नुसतंच ०११. पहिला एक नसलेला, लंगडा तुकडा. "कच्चं यंत्र असेल तर इथं फसणार," ती हात चोळत म्हणाली.

मोनिकाचं यंत्र लावलं. ठोके सुरू झाले. खेटून आलेले दोन बरोबर ओळखले. सापळ्यापाशी आलं आणि, "चुकलास!"

"फसलं! फसलं!" मनकर्णा खुर्चीतून उठलीच. "बघा, तिथं एकदाच हात वर करायचा, तर यानं दोनदा केला!"

मोनिका पडद्याजवळ वाकली. सापळ्याचे आकडे एकेक करून वाचले. मग हळूच म्हणाली, "मनू, पण तिथं दोन आहेतच ना."

"कुठं दोन? १०११, आणि मग ०११. मोज की!"

"पहिल्याचा शेवटचा एक, तोच दुसऱ्याचा पहिला एक. एकमेकांना जोडून आहेत. सर म्हणाले तसं." मोनिकानं बोटं एकमेकांत अडकवून दाखवली. "भेंड्यांमध्ये नाही का, एकीच्या गाण्याचं शेवटचं अक्षर तेच दुसरीच्या गाण्याचं पहिलं. ते अक्षर दोघींचं असतं."

आता इथं मनकर्णानं क्षणभर थांबायला हवं होतं. एक क्षण. पण मागं चार-पाच जण उभे होते, करण कोपरं टेकून बघत होता, आणि ती बोलण्याच्या झोकात होती.

"हे इलेक्ट्रॉनिक्स आहे बाई, भेंड्या नाहीत!" ती म्हणाली, आणि सगळे हसले. हसू आलं की तिला अजून बोलावंसं वाटायचं. "एकदा बोलायचं ते दोनदा बोलतंय. तोतरं आहे तुझं मशीन. अगदी मालकिणीसारखं!"

मोनिका तोतरी नव्हती. थांबून बोलायची, एवढंच. पण हशा असा काही उसळला, की भिमाजीमामा स्टुलावरून म्हणाले, "ए, हळू! मशीनला धक्का लागंल."

"तोतरी!" करण म्हणाला. नाव पडलं.

मोनिकानं मान खाली घालून फाइल उघडली. पाचव्या गोलाची ओळ अशी होती:

S4: next = din ? S1 : S2;

म्हणजे पूर्ण जुळल्यावर पुढं एक आला तर दुसऱ्या गोलात, शून्य आला तर तिसऱ्या. उरलेला एक आणि आत्ताचा शून्य मिळून १० झालं, ते हातात ठेवायचं. तिनं त्या ओळीपुढं दोन तिरक्या रेघा मारल्या. अशी ओळ फाइलमध्ये राहते, पण यंत्राला ती दिसत नाही. खाली नवी ओळ लिहिली, दोनाच्या जागी शून्य. जुळलं ते सगळं विसर, पहिल्यापासून सुरू कर. पुन्हा चालवलं.

"शाब्बास!" पडद्यावर उमटलं.

"बघ!" मनकर्णा म्हणाली, आणि प्रेमानं तिच्या पाठीवर थाप मारली. खरोखर प्रेमानं. त्यातच सगळी गोम आहे.

त्यानंतर वर्गात मोनिका उत्तर द्यायला उभी राहिली, की मागून कुणीतरी "तो-तो-तो" करायचं. आधीच ती कमी बोलायची, आता हजेरीलाही नुसता हात वर करायला लागली. मनकर्णाच्या ते लक्षात यायचं आणि ती लगेच दुसरं काहीतरी आठवायची. आपण गमतीत म्हणालो, असं तिनं स्वतःला सांगून टाकलं होतं. पहिल्या वर्षी करणही गमतीतच म्हणाला होता, हे मात्र आठवायचं टाळलं होतं.

मग एका दिवशी सर वर्गात येऊन म्हणाले, "पुण्याहून सीमा मॅडम येणारेत. चिप डिझाइन करणाऱ्या कंपनीत आहेत. उन्हाळ्याच्या सुट्टीत ट्रेनिंगला आपली एक मुलगी किंवा मुलगा घेणार. एकच जागा आहे. मी मोनिका आणि मनकर्णाचं प्रॅक्टिकल दाखवणार आहे." आणि जरा थांबून, मोनिकाकडं बघत, "मोनिका, डिझाइन तुझं आहे. मॅडमना डिझाइनवालंच माणूस हवंय. नीट तयारी कर हां."

त्या संध्याकाळी मोनिका हॉस्टेलच्या पायरीवर बसून मनकर्णाला म्हणाली, "मला जायचंय गं तिथं." एवढंच. पण मोनिका असं काही मागत नाही कधी; तिच्या तोंडून "मला" हा शब्द मनकर्णानं जवळजवळ पहिल्यांदाच ऐकला.

"जाणारच तू!" मनकर्णा म्हणाली. मनापासून म्हणाली.

सीमा मॅडम आल्या त्या साध्या सुती साडीत, पायातल्या चपला दाराबाहेर काढून, भिमाजीमामांना नमस्कार करून. पोरांनी लॅब तुडुंब भरली होती. मोनिकानं गोलांची आकृती समजावली, हळू, थांबून थांबून. मागून कुणीतरी "तो-" एवढंच म्हणालं आणि सरांनी डोळे वटारले. मनकर्णानं टेस्टबेंच दाखवला, घडाघडा. "शाब्बास!" उमटलं तेव्हा मॅडम हसल्या.

"अरे वा, स्वतः तपासतो! कुणी लिहिला?"

"मी, मॅडम."

"छान सवय आहे." मग त्या खुर्ची ओढून बसल्या. "मी एक घालून बघू? खालची ओळ बाजूला राहू दे, उत्तर मी मनात ठेवते. आपण लाटाच बघू."

त्यांनी वरची ओळ पुसली आणि सात आकडे टाइप केले. १०११०११.

मनकर्णानं ते आकडे पाहिले आणि लगेच ओळखले. हा तिचाच सापळा होता.

ठोके पडले. एकदा उत्तराची लाट वर गेली, म्हणजे यंत्राचा हात वर, मग खाली आली, आणि शेवटपर्यंत जमिनीसारखी सपाट.

"आणि दुसरा?" मॅडमनी विचारलं. आवाजात रागबिग काही नव्हतं. पेनाच्या टोकानं त्यांनी काचेवर पहिले चार आकडे दाखवले, मग पेन त्यातल्याच शेवटच्या एकावर परत आणून तिथून पुढचे चार. "हा एक दोघांचा आहे ना. जोडून आलेत. हा सुटला."

वाकचौरे सरांचा चेहरा पडला. "मोनिका! मी सांगितलं होतं ना गं वर्गात, जोडून आले तरी मोजायचे?"

दोघांचा आहे. जवळजवळ हेच शब्द. मनकर्णाला भेंड्या आठवल्या, अडकवलेली बोटं आठवली, आणि कानाच्या पाळ्यांपासून मानेपर्यंत असं काही तापलं की एसी चालू आहे हेच विसरायला झालं.

"डिझाइन कुणाचं?" मॅडमनी विचारलं.

"माझं," मोनिका म्हणाली. तिनं मनकर्णाकडं पाहिलंही नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं! बघून काही बोलली असती, बोट दाखवलं असतं, तर मनकर्णाला भांडता तरी आलं असतं. पण ती नुसती उभी राहिली आणि म्हणाली, "माझी चूक झाली, मॅडम."

ती का म्हणाली असं? कदाचित तिला वाटलं असेल की बोलायला गेलं तर मागून पुन्हा "तो-तो" होईल. मनकर्णानंच तिच्या तोंडाला कुलूप घातलं होतं, आणि आता त्याच कुलपाच्या आडोशाला मनकर्णा सुरक्षित उभी होती.

मॅडम सरांशी हलक्या आवाजात काहीतरी बोलल्या. मग मनकर्णाकडं वळून म्हणाल्या, "आमच्याकडं तपासणाऱ्यांचीही फार गरज असते. सगळ्यांना बनवायचं असतं, तपासायला कुणी तयार नसतं. तू येशील?"

सगळी लॅब तिच्याकडं वळली. करणनं मागून हळूच टाळीसुद्धा वाजवली.

आणि मनकर्णा काय म्हणाली? "थँक यू, मॅडम." तोंडातून निघूनच गेलं. सवयीनं. आरशासमोर घोकलेलं.

मॅडम चहाला ऑफिसकडं गेल्या, पोरं पांगली. मोनिका खुर्ची सरकवून शांतपणे बाहेर गेली, चपला घालून हॉस्टेलच्या वाटेला लागली. मनकर्णा पडद्यासमोर एकटी राहिली. तिनं फाइल वर-खाली केली आणि ती ओळ दिसली. दोन तिरक्या रेघांमागं बसलेली, मोनिकाची पहिली ओळ. पुसलेली नव्हती. बरोबर असूनही यंत्राला न दिसणारी, नुसती गप्प बसलेली.

तिनं त्या रेघा काढल्या, शून्यवाली ओळ उडवली आणि मॅडमचे सात आकडे पुन्हा चालवले. लाट वर गेली. खाली आली. आणि पुन्हा वर गेली.

दोनदा. म्हणजे पहिल्या दिवसापासून बरोबर होतं. तोतरं यंत्र नव्हतं. मनकर्णाला ऐकूच येत नव्हतं, एवढंच.

बाहेर मॅडमची जीप सुरू झाल्याचा आवाज आला.

मनकर्णा धावली. चपला घालायचं भान राहिलं नाही. तापलेल्या डांबरावरून, खडीवरून, ऑफिसच्या वळणाला वळसा घालून ती जीपच्या दाराशी पोचली तेव्हा तिला धड श्वास घेता येत नव्हता. सर दारापाशी उभे होते. मॅडम आत बसल्या होत्या.

"मॅडम, ते मशीन... ते बरोबर हुतं! तिनं पयल्यांदा बरोबरच लिवलं हुतं. मीच तिला बदलाय लावलं. माझी खालची वळ चुकली हुती. आन् तिनं सांगितलं तर मी..." सगळी घोकलेली भाषा गळून पडली होती आणि तिला त्याचं काही वाटलंही नाही. "मी तिला सगळ्यांसमोर तोतरी म्हनले."

सरांनी कपाळावर हात मारला.

मॅडमनी जीप बंद करायला लावली. "म्हणजे बरोबर उत्तराला तुझ्या टेस्टबेंचनं चूक म्हटलं, आणि चूक उत्तराला शाब्बास."

"व्हय."

"दोन्ही ओळी तूच लिहिल्यास. मग तुझा टेस्टबेंच यंत्र तपासत नव्हता बाळ. यंत्र तुझ्यासारखाच विचार करतं का, ते तपासत होता."

मनकर्णाला वाटलं, आता या म्हणतील, पण खरं बोललीस ते चांगलं केलंस. म्हणाल्या नाहीत. "मगाशी मी विचारलं तेव्हा तू थँक यू म्हणालीस," एवढंच म्हणाल्या. मग सरांकडं वळून, "दोन्ही फाइल फ्लॉपीवर घालून द्या, आधीची आणि नंतरची. मी फोन करते."

हॉस्टेलवर मोनिका कपडे वाळत घालत होती. मनकर्णा रडतच गेली आणि सगळं एका दमात सांगून टाकलं: मी सांगून आले, सरांना पण कळलं, मला ती जागा नको, मला माफ कर.

मोनिका ओढणी पिळत राहिली. मग वाक्य मनात वाचून झाल्यासारखं म्हणाली, "मला एकटीला कशाला सांगतेस? नाव ठेवलंस तेव्हा काय मी एकटी होते?"

बादली उचलून ती आत गेली.

सरांना फोन आला. पुढच्या प्रॅक्टिकलला ते म्हणाले, "ट्रेनिंगला मोनिका जाणार. आणि मोनिका, मॅडमनी निरोप दिलाय. पुढच्या वेळी तुझं बरोबर असेल तर मशीन बदलायचं नाही, भांडायचं."

वर्गात कुजबुज सुरू झाली. तपासणारी निवडली होती ना? मग ही कशी? करण म्हणाला, "तोतरीचा नंबर लागला की रे!"

मनकर्णा उठली. तिला वाटलं होतं आपण हे ऐटीत करू, दोन वाक्यांत, सगळे वाहवा म्हणतील. पण पडद्यासमोर उभी राहिली आणि ती दोन वाक्यंच आठवेनात. तिनं मोनिकाचं पहिलं यंत्र उघडलं. स्वतःचा जुना टेस्टबेंच, जसाच्या तसा. चालवला.

"चुकलास!" पडद्यावर उमटलं.

"हे खोटं आहे," ती म्हणाली. "चुकलं ते मशीन न्हाई. चुकलेली मी हाय." कुणीतरी "हाय" वर फिस्सकन हसलं. ती थांबली नाही. तिनं आपल्या खालच्या ओळीत सापळ्याच्या शेवटच्या एकाखाली जिथं शून्य होतं तिथं एक घातला, आणि पुन्हा चालवला. लाट सापळ्यापाशी आली. वर, खाली, पुन्हा वर. "सरांचं 'जोडून' मला कळलंच नव्हतं. मोनिकाला कळलं होतं. तिनं भेंड्यांचं उदाहरण देऊन सांगितलं, आणि मी तिला तोतरी म्हणाले, कारण तुम्ही हसत होता. पहिल्या वर्षी मला 'व्हय मॅडम' म्हणायचात तेव्हा मी खोलीत जाऊन रडायचे. मला ठाऊक होतं कसं वाटतं ते. तरी मी म्हणाले."

करण पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत होता. दारातून भिमाजीमामा आत डोकावले आणि काही न समजून परत स्टुलावर बसले.

मोनिका पुढं आली. मनकर्णाकडं नाही, पडद्याकडं बघत. बोटानं काचेवर दोन लाटा मोजल्या.

"दोन," ती म्हणाली. स्पष्ट, मोठ्यानं, अजिबात न थांबता.

मनकर्णाला फार वाटलं की आता हिनं आपल्याकडं बघून हसावं. आणि हे असं वाटलं याचीच तिला पुन्हा लाज वाटली. सगळं कबूल करूनसुद्धा ती अजून शाब्बासकीच शोधत होती! तिनं मान खाली घातली, लॅबच्या भिंतीला लावलेल्या बाकावर परत आली आणि नेहमीच्या जागेवरून सरकून बसली. अर्धा बाक रिकामा ठेवून.

मोनिका मागं वळली. मग मागच्या बाकावरून आपली वही उचलून आली आणि त्या रिकाम्या जागेत बसली. दोघींच्या मध्ये एक वही मावेल एवढं अंतर राखून.